आवाज नसलेलं "या": पाहुण्याला पहिलं उत्तर कसं लिहावं

गुहागरच्या एखाद्या घरी पाहुणा बेड्यातून आत आला की यजमान "या" म्हणतात. व्याकरणात पाहिलं तर ती आज्ञा आहे, पण ती तशी वाटत नाही. म्हणणारा पडवीच्या दोन पायऱ्या उतरून पुढे आलेला असतो, 'या'तला 'आ' लांबवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो दोनदा म्हटलेला असतो: या, या. हेच अक्षर व्हॉट्सअ‍ॅपवर "या." असं गेलं की पायऱ्या गेल्या, लांबवणं गेलं. उरली ती आज्ञा, आणि तिच्यापुढे एक ठिपका.

कोकणात घरगुती निवास नव्याने सुरू करणाऱ्या घरांसाठी हे टिपण आहे. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्या पाहुण्याशी पहिली भेट आता अंगणात होत नाही, फोनच्या पडद्यावर होते. त्यातही इथे फक्त एकच गोष्ट घेतली आहे: त्याने "खोली मिळेल का?" असं विचारल्यावर जाणारं पहिलं उत्तर. ते रुक्ष वाटणार की आपुलकीचं, हे विरामचिन्हं, इमोजी आणि रोमन लिपीतली कॅपिटल अक्षरं बरंचसं ठरवतात. एक सूत्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा, पुढे ते वारंवार लागेल: संदेश जितका छोटा, तितकं त्यातल्या चिन्हाचं वजन जास्त. चार ओळींच्या उत्तरात एखादा ठिपका कुणाच्या लक्षातही येत नाही. एका शब्दाच्या उत्तरात तो अर्धा मजकूर असतो.

पहिली पायरी: ऊब आधी शब्दांत भरा

मराठीला चिन्हांची सवय तशी उशिराची. मोडीतली जुनी पत्रं विरामचिन्हांशिवायच लिहिली जात. आजची चिन्हं एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर आली आणि ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधी आदर आणि माया कुठे ठेवत? मायन्यात. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' किंवा 'अनेक उत्तम आशीर्वाद' एवढं वाचलं की लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांचं नातं काय, हे कळत असे. उद्गारचिन्हाची गरजच पडत नसे.

ही सोय भाषेत अजून आहे. बोलताना आपण 'हं', 'ना', 'बरं का', 'हो' हे छोटे शब्द वाक्याच्या शेवटी टाकतो. आवाजाचा उतार बऱ्याच अंशी त्यांच्यातच साठवलेला असतो, म्हणून ते लिहिले की आवाजही थोडा सोबत जातो. "या." आणि "या हं." यांची तुलना करा. ठिपका दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या वाक्यात तो टोचत नाही. "घर भरलंय." आणि "घर भरलंय हो." यांतही तेवढंच अंतर आहे. म्हणून उत्तर थंड वाटलं की लगेच इमोजीच्या पानावर जाऊ नका. आधी शेवटी 'हं' किंवा 'ना' बसतो का ते बघा.

घरात मालवणी बोलत असाल तर "येवा" जरूर लिहा, पाहुण्यांना ते आवडतं. मात्र घरात बोलत नसाल तर फक्त पाहुण्यासाठी ती बोली ओढून आणू नका. आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

दुसरी पायरी: ठिपका कुठे चालतो

अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, तो २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यांना छोटे लेखी संवाद वाचायला दिले. त्यांत एका शब्दाची होकारार्थी उत्तरं होती, काही पूर्णविरामासह आणि काही पूर्णविरामाशिवाय. संवाद मोबाइलवरचा असेल तेव्हा पूर्णविराम असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा मात्र फरक पडला नाही.

याचं कारण ध्यानात घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही. कागदावर वाक्य कुठे संपलं हे ठिपक्याशिवाय कळत नाही, म्हणून तिथे तो केवळ खूण असतो. फोनवर 'पाठवा' दाबलं की संदेशाचा फुगा तिथेच संपतो. वाक्य संपल्याचं वाचणाऱ्याला आधीच दिसलेलं असतं, मग वर दिलेला ठिपका काहीतरी वेगळं सांगतोय असं त्याला वाटतं. ते वेगळं म्हणजे बहुधा 'विषय संपला'.

प्रयोग इंग्रजीतला आणि विद्यार्थ्यांवरचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. आपल्याकडे वयाचा फरक मोठा आहे. ज्यांचं लिहिणं पत्रांवर घडलं ते काका प्रत्येक वाक्याला ठिपका देतात, "ओके." सुद्धा. त्यांच्या ठिपक्यात राग नसतो आणि तुमच्या ठिपक्यातही त्यांना तो दिसणार नाही. तरुण पाहुण्याला मात्र दिसू शकतो. म्हणून पाहुण्याचा संदेश आधी नीट पाहा. त्याने ठिपके दिले असतील तर तुम्हीही निर्धास्त द्या. दिले नसतील तर फुग्याच्या शेवटचा ठिपका गाळा आणि मधले ठेवा, कारण दोन वाक्यांच्या मधला ठिपका त्याचं खरं काम करत असतो. 'रु.' किंवा 'सा. न. वि. वि.' मधले ठिपके संक्षेपाचे आहेत, त्यांची कुणाला बाधा होत नाही.

कधी कधी ठिपका तुम्ही दिलेलाच नसतो. स्पेसबार दोनदा दाबला की काही कीबोर्ड तो आपोआप टाकतात. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Double-space period` नावाचा पर्याय असतो. तिथे तो बंद करता येतो.

उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि टिंबांची रांग

"नमस्कार" नंतर काय लिहायचं याचे चार पर्याय आहेत. स्वल्पविराम दिला तर पुढे मजकूर येणार असं वाचणारा धरून चालतो. "नमस्कार," एवढाच फुगा पाठवून तुम्ही नारळ उतरवणाऱ्याला पैसे द्यायला गेलात, तर तो स्वल्पविराम तिकडे लोंबकळत राहतो. उद्गारचिन्ह दिलं तर भेटीचा आनंद दिसतो. काहीच न देता ओळ मोडली तरी चालतं, आजकाल ते सगळ्यात सरळ वाटतं. ठिपका दिला तर नमस्कार हजेरी घेतल्यासारखा होतो.

उद्गारचिन्हाचं माप असं ठेवा: एका संदेशात एक, फार तर दोन, आणि एका जागी एकच. ते स्वागताच्या किंवा निरोपाच्या वाक्याला द्यावं. पैशाच्या किंवा नकाराच्या वाक्याला कधीही देऊ नये. "खोली शिल्लक नाही!" असं वाचलं की नाही म्हणण्यात यांना आनंद होतोय की काय, असं वाटतं. "अ‍ॅडव्हान्स पाठवा!!" हा तर तगादाच झाला.

प्रश्नचिन्हाकडे मराठीत जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण 'का' न लावता नुसत्या सुराने प्रश्न विचारायची आपल्याला सवय आहे. "रात्रीचं जेवण घरीच घेणार?" यातला प्रश्न फक्त चिन्हात आहे. ते गळलं की "रात्रीचं जेवण घरीच घेणार" हे तुम्हीच घेतलेल्या निर्णयासारखं वाचलं जातं. उलट "कधी येणार??" यात दुसरं चिन्ह आलं की विचारपूस संपून उलटतपासणी सुरू होते. एक प्रश्न, एक चिन्ह.

"नमस्कार..." मधली टिंबं ज्येष्ठांच्या लिखाणात श्वासासारखी येतात, एका वाक्यातून दुसऱ्यात सावकाश जाण्यासाठी. तरुण वाचणाऱ्याला त्यांत आढेवेढे दिसतात, काहीतरी मनात आहे पण सांगत नाहीत असं. अनोळखी पाहुण्याला ती नकोतच. "खोली आहे..." वाचून तो पुढचा 'पण' शोधत बसेल.

आणखी एक चिन्ह खास आपलं आहे, अवग्रह. "याऽ", "होऽऽ" यांत तो स्वर लांबवतो, म्हणजे दारातला आवाज कागदावर उतरवण्याच्या सगळ्यात जवळ तोच जातो. कीबोर्डवर सापडला नाही की लोक त्याजागी रोमन `S` टाकतात, तेही कळतं. पण ही सलगीची खूण आहे. दरवर्षी मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबाला "या होऽ" लिहा, पहिल्यांदा चौकशी करणाऱ्याला नको.

इमोजी: थोडे, आणि नेमके

नमस्कारासाठी 🙏 हे आपल्याकडे सर्वात सोयीचं चिन्ह आहे, पण ते शब्दाच्या सोबत ठेवा. नुसतं 🙏 गेलं तर त्याचे बरेच अर्थ होतात: नमस्कार, आभार, माफी, 'आता पुरे', आणि शोकसंदेशाखालचं हात जोडणं. "नमस्कार 🙏" लिहिलं की बाकीचे अर्थ गळतात.

पुष्पगुच्छाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. 💐 वाढदिवसाला जातो तसा "भावपूर्ण श्रद्धांजली" खालीही जातो, आणि गावच्या ग्रुपवर दुसऱ्या प्रसंगी तो फार दिसतो. "आपले स्वागत आहे 💐🙏" ही जोडी कुणाला कशाची आठवण करून देईल याचा भरवसा नाही. स्वागताच्या संदेशात ती वापरू नका.

हसऱ्या चेहऱ्यांमध्ये 😊 आणि 🙂 यांत फरक आहे. पहिल्याचे डोळेही हसतात, गालावर लाली असते. दुसऱ्याचं फक्त तोंड वाकलेलं असतं, डोळे तसेच. अनेक तरुण वाचक त्याचा अर्थ 'बरं, ठीक आहे, काय बोलणार' असा घेतात. स्वागताला 😊 घ्या. त्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. 😊, 🙏 आणि 👍 ही २०१०च्या युनिकोड संचातली चिन्हं आहेत, त्यामुळे जुन्या फोनवरही दिसतात. अगदी नवं चिन्ह जुन्या फोनवर रिकामा चौकोन होऊन पोचतं. चित्रही प्रत्येक फोनवर एकसारखं नसतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं होतं, की दात दाखवून हसणारा एकच चेहरा एका कंपनीच्या फोनवर आनंदी तर दुसऱ्या कंपनीच्या फोनवर त्रासलेला वाटत होता. म्हणून चेहरा निवडताना साधा आणि सर्वांना ओळखीचा निवडावा.

जागा आणि संख्या: वाक्याच्या शेवटी, ठिपक्याच्या ऐवजी, आणि एका जागी एक. ज्यांना दिसत नाही ते पाहुणे फोनकडून संदेश वाचून घेतात, आणि तो वाचक प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो. तीन 🙏 म्हणजे 'जोडलेले हात' तीनदा ऐकणं. वाक्याच्या मधोमध माड, लाटा, मासे पेरले तर त्यांना वाक्यच लागत नाही.

👍 स्वागतासाठी थंड आहे, तो पोच म्हणून ठीक. पण पाहुण्याने भाड्याच्या ओळीला 👍 दिला तर त्याचा अर्थ 'ठरलं' की 'वाचलं'? कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात २०२३ साली न्यायालयाने करारावर आलेला असा अंगठा होकार म्हणून धरला होता, जवसाच्या व्यवहारात. आपण त्यावर विसंबू नये. "म्हणजे नक्की धरू ना?" असं एका ओळीत विचारून घ्यावं.

रोमन लिपीत लिहीत असाल तर

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडण्याचा हा प्रकार आपल्या लिपीत नाही. मराठी रोमनमध्ये किंवा थेट इंग्रजीत लिहिलं की तो येतो. `NAMASKAR, KADHI YENAR?` हे वाचणाऱ्याला चढ्या आवाजात ऐकू येतं. संगणकांवरच्या गप्पांमध्ये १९८०च्या दशकापासून हा संकेत पक्का आहे.

घरगुती निवासांच्या संदेशांत हे का होतं? रस्त्यावरच्या पाटीमुळे. पाटी चालत्या गाडीतून वाचायची असते, तिथे सगळी कॅपिटल अक्षरं योग्यच. तोच मजकूर फोनवर उतरवला की वीतभर अंतरावरून कुणी हाक मारल्यासारखं होतं. `Namaskar, kadhi yenar?` एवढा बदल पुरे. `AC`, `UPI` यांसारखी संक्षेपाची अक्षरं मोठीच राहू द्या, ती कुणाला ओरडणं वाटत नाहीत. काही जण 'ण' आणि 'ळ' दाखवायला शब्दाच्या मधे मोठं अक्षर वापरतात, `paN`, `sakaLi` असं. ती उच्चाराची खूण आहे, पण ओळख नसलेल्याला ती टायपिंगची चूक वाटते. पाहुण्याला लिहिताना टाळलेली बरी.

देवनागरीत कॅपिटलचं काम ठळक अक्षरं करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की तो ठळक होतो. तारीख किंवा रक्कम ठळक करणं उपयोगी आहे. संपूर्ण संदेश ठळक केला, तर देवनागरीतही ओरडता येतं हे सिद्ध होतं.

एक उत्तर, सुरुवातीपासून

समजा रात्री नऊ वाजता हा संदेश आला: "नमस्कार, २४ ते २६ डिसेंबर दोन खोल्या हव्या होत्या. आम्ही चौघं, त्यात आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, खालची खोली मिळेल का?"

घाईत जाणारं उत्तर असं असतं: "आहे. ३००० पर रूम. ५०% अ‍ॅडव्हान्स." यात खोटं काही नाही. पण तीन तुकडे, तीन ठिपके, आणि आईच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही. हे ध्यानात आलेली माणसं मग दुसऱ्या टोकाला जातात: "नमस्कार!!! 🙏🙏🙏💐 निसर्गरम्य कोकणात आपले हार्दिक स्वागत!!! 🌴🌊🐟😍". यातही गुडघ्यांबद्दल शब्द नाही, आणि खोली आहे की नाही तेही नाही. इतकी चिन्हं जाहिरातीत असतात, म्हणून वाचणाऱ्याला हा मजकूर सगळ्यांना जाणारा वाटतो. खास त्याच्यासाठी लिहिलेला वाटत नाही.

आता हे पाहा:

"नमस्कार ताई 🙏
हो, २४ ते २६ दोन्ही खोल्या मोकळ्या आहेत. आईंसाठी खालची ठेवते, तिथून न्हाणीघरापर्यंत एकही पायरी नाही.
भाडं एका खोलीला एका रात्रीचे रु. ३,०००, म्हणजे दोन रात्रींचे एकूण रु. १२,०००. नक्की करायचं असेल तर परवा संध्याकाळपर्यंत रु. ६,००० पाठवा.
जेवण घरचंच आहे. आई-बाबांना तिखट चालतं का?
वाट बघतो, या हं 😊"

पहिल्या ओळीत शब्द आणि इमोजी एकत्र आहेत. समोर बाई आहेत की पुरुष हे कळत नसेल तर 'ताई' गाळा, नुसतं "नमस्कार 🙏" पुरेसं आहे. दुसरी ओळ 'हो'ने सुरू होते, कारण कुलूप असलेल्या पडद्यावर सुरुवातीचाच मजकूर दिसतो आणि पाहुण्याला तिथेच उत्तर मिळायला हवं. मधल्या ओळींना ठिपके आहेत आणि ते थंड वाटत नाहीत, कारण तिथे वाक्यं पूर्ण आहेत. पैशाच्या ओळीत मुद्दाम एकही इमोजी नाही. मागणीच्या शेजारी हसरा चेहरा ठेवला की ती मागणी साखरेत घोळवल्यासारखी होते, आणि रक्कम सांगताना संकोच वाटतोय असाही समज होतो. शेवटच्या ओळीत 'हं' आहे, म्हणून उद्गारचिन्हाची गरज राहिली नाही.

पाठवण्याआधी एक चाचणी करा. संदेश अगदी सपाट सुरात, बसच्या वेळा वाचाव्यात तसा वाचा. तरीही स्वागत ऐकू आलं तर शब्दांत ऊब आहे. ऐकू आलं नाही तर कितीही इमोजी लावले तरी उपयोग नाही. घरात कुणी वीस वर्षांचं आणि कुणी साठ वर्षांचं असेल तर दोघांनाही एकदा दाखवा. एकाला जे प्रेमळ वाटतं ते दुसऱ्याला खटकत असेल तर ते चिन्ह काढा, शब्द ठेवा.

खोली नसेल तेव्हा 😊 आणि उद्गारचिन्ह दोन्ही बाजूला ठेवा. "नमस्कार 🙏 त्या तीन दिवसांत घर भरलंय हो. २७ पासून दोन्ही खोल्या मोकळ्या आहेत, जमत असेल तर कळवा" एवढं चांगलं. नुसतं "क्षमस्व." कळतं सगळ्यांना, पण पुढचं बोलणं तिथेच थांबतं.

आपोआप जाणारा नमस्कार

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर `Greeting message` नावाची सोय आहे. कुणी पहिल्यांदा लिहिलं, किंवा १४ दिवस काहीच बोलणं न होता पुन्हा लिहिलं, की तुम्ही भरून ठेवलेला नमस्कार आपोआप जातो. नवीन घरं इथे सगळा उत्साह ओततात: तीन उद्गारचिन्हं, माड, समुद्र, फटाके. हे संकट कधी उभं राहतं ते पाहा. डिसेंबरचं बुकिंग ऑक्टोबरात झालेलं असतं, मध्ये महिनाभर बोलणं नसतं, आणि मग एक दिवस संदेश येतो: "बाबा गेले. येणं रद्द करावं लागेल." त्याच क्षणी तुमच्याकडून उत्तर जातं: "कोकणात स्वागत!!! 🎉🌴". तुम्ही तेव्हा पाटावर बसून मासे साफ करत असता, फोन माजघरात असतो.

हा संदेश लिहिताना समोर कुठलाही माणूस कुठल्याही मनःस्थितीत असू शकतो असं धरा. स्वागताचा शब्द नको, हसरा चेहरा नको, उद्गारचिन्ह नको, 💐 तर नकोच. फक्त संदेश पोचला आणि माणूस उत्तर देणार आहे, एवढं कळलं पाहिजे. इथे पाहुणा कोण हे न पाहताही पूर्णविराम निर्धास्त वापरा:

"नमस्कार 🙏 तुमचा संदेश पोचला. घरातल्या कामातून मोकळी झाले की मी स्वतः उत्तर देते, रात्री नऊच्या आत. घाईचं असेल तर सरळ फोन करा."